लाल चौकोनाचे काय झाले?

आमच्यासमोर एका तालुक्यातल्या भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो आहे. डावीकडे २३ ग्रामपंचायतींची नावे, वरच्या ओळीत चार पाहण्यांचे महिने आणि मधोमध ९२ चौकोन. चौकोनांत अक्षर नाही, आकडाही नाही. फक्त स्केचपेनने भरलेला रंग आहे. त्याच फोटोवरून पुढे कोणीतरी संगणकावर केलेला तक्ताही आमच्याकडे आहे. त्यात नावे बरोबर आहेत, महिने बरोबर आहेत, एकही गाव सुटलेले नाही. मात्र रंगवलेल्या प्रत्येक चौकोनाच्या जागी एकच शब्द आला आहे : ‘झाली’. पाहणी झाली, एवढाच त्याचा अर्थ. लाल चौकोनही ‘झाली’, हिरवा चौकोनही ‘झाली’. टंकणाऱ्याने खोटे काहीच लिहिलेले नाही. तरी तक्ता ज्यासाठी भिंतीवर लावला होता ती एकमेव गोष्ट त्यात उरलेली नाही.

हा तक्ता पिण्याच्या पाण्याचा आहे. महाराष्ट्रात गावोगावच्या सार्वजनिक पाणीस्रोतांची स्वच्छता पाहणी वर्षातून दोनदा होते, पावसाळ्याआधी एप्रिलमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये. विहिरीचा कट्टा फुटला आहे का, हातपंपाभोवती पाणी साचते का, जलवाहिनीला गळती आहे का, ती गटारातून जाते का, पाण्याचे शुद्धीकरण रोज होते का, ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर शिल्लक आहे का, हे पाहून जोखीम ठरते. तीव्र जोखीम असेल तर लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळे, सौम्य असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड मिळते. गावाला हे रंग ठाऊक असतात. ‘आमचं कार्ड लाल आलं’ एवढे वाक्य ग्रामसभेत पुरते. रंगाची ही पद्धत वाईट नाही. भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या गावाकडे आधी धावायचे ते एका नजरेत कळते. अडचण येते ती तक्ता भिंत सोडून निघाल्यावर.

भिंतीवरून फोनमध्ये जातानाच रंग पहिल्यांदा बदलतो. पिवळ्या दिव्याखाली कोरा कागद पिवळसर दिसतो आणि फिका पिवळा चौकोन त्याच्यात विरघळतो. फ्लॅश चकचकीत लॅमिनेशनवर आपटला की तिथले तीनचार चौकोन पांढरे होतात. फोन आपल्या मताने रंग सावरून घेतो, म्हणून तोच तक्ता सकाळी आणि संध्याकाळी वेगळा येतो. कोणी कागद नीट यावा म्हणून फोनमधल्या ‘स्कॅन’ने फोटो काढला तर आणखी पंचाईत. ते साधन अक्षरे काळी आणि पार्श्वभूमी पांढरी करण्यासाठीच बनवलेले असते. फिकी छटा त्याच्या लेखी कागदावरचा मळ आहे, तो ते धुऊन टाकते. फोटोतला मजकूर वाचून देणारी साधनेही अक्षरांवर चालतात. गावाचे नाव ती उचलतील, नावापुढचा चौकोन लाल होता हे बहुधा सोडून देतील. मग फोटो व्हॉट्सॲपवरून चार जणांच्या हातून जातो, दर वेळी थोडा दाबला जातो, आणि शेवटी कोणीतरी त्याची झेरॉक्स काढतो.

झेरॉक्समध्ये काय होते ते एकदा आकड्यांत पाहण्यासारखे आहे. रंगाचा करडा करताना संगणकात सर्रास वापरला जाणारा हिशेब असा : लाल घटकाचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करायची. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५. एक्सेलमध्ये ‘चांगले’, ‘वाईट’ आणि ‘मधले’ यांसाठी तयार मिळणाऱ्या ज्या फिक्या हिरव्या, फिक्या गुलाबी आणि फिक्या पिवळ्या छटा कार्यालयांतून सर्रास वापरल्या जातात, त्या या हिशेबाने अनुक्रमे २२३, २१७ आणि २३२ वर येतात. पडद्यावर एकमेकींविरुद्ध उभ्या राहणाऱ्या या तिन्ही छटा कागदावर एकाच राखेच्या होतात. गडद रंग वापरले तर सुटका होईल असेही नाही. ठसठशीत लाल रंग ७६ वर येतो आणि गडद हिरवा ७५ वर. म्हणजे तीव्र जोखमीचे गाव आणि सौम्य जोखमीचे गाव यांत एका अंशाचा फरक उरतो. ज्यांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत अशी माणसे प्रत्येक मोठ्या कचेरीत असतात, आणि त्यांच्यापुढे रंगीत तक्ता ठेवला तरी त्यांची गत फारशी वेगळी नसते.

तक्ता मुळात एक्सेलमध्येच रंगवला असेल तर रंग सुखरूप राहील, हाही गैरसमज आहे. एक्सेलला चौकोनाचा रंग दिसतो, पण तो मजकुरात धरला जात नाही. रंगावरून ओळी गाळून पाहता येतात, पण लाल चौकोन किती हे साध्या सूत्राने मोजता येत नाही, कारण सूत्र चौकोनातला मजकूर पाहते आणि मजकूर तिथे नाही. तीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की रंग पूर्ण गळतात, कारण त्या प्रकारच्या फाइलमध्ये रंगाला जागाच नसते. आज माहिती एका संगणक प्रणालीतून दुसरीत जाते ती बहुतेक अशाच साध्या फाइलमधून. तेव्हा रंग कुठे तरी शब्दात उतरवावाच लागतो, आणि तो उतरवायची वेळ तक्ता समोर असतानाची आहे.

आम्ही या ९२ चौकोनांचे काम स्वतः करून पाहिले. गावे उभी आणि महिने आडवे ही भिंतीवरची मांडणी मोडली आणि प्रत्येक चौकोनाला स्वतःची एक ओळ दिली. त्या ओळीत ग्रामपंचायत, पाहणीचा महिना, दिसलेला रंग, स्थिती आणि शेरा असे रकाने ठेवले. गावांची नावे सोडली तर ओळी अशा दिसतात :

```
ग्रामपंचायत,पाहणी,दिसलेला रंग,स्थिती,शेरा
गाव ७,एप्रिल २०२३,लाल,तीव्र जोखीम,लालवर हिरवा ठिपका
गाव ७,ऑक्टोबर २०२३,हिरवा,सौम्य जोखीम,
गाव १२,एप्रिल २०२३,पांढरा,लागू नाही,तेव्हा ग्रामपंचायत नव्हती
```

‘दिसलेला रंग’ आणि ‘स्थिती’ हे दोन रकाने वेगळे का, असे कोणी विचारील. आमच्या मते सगळ्या कामाची मेख इथेच आहे. रंग ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे आणि स्थिती हा आपण लावलेला अर्थ. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की चूक कुठे झाली ते नंतर शोधता येत नाही. डोळ्याने नारंगीला लाल म्हटले, की लालचा अर्थच चुकीचा लावला? रकाने वेगळे असले तर अर्थ चुकल्यावर एका फटक्यात सगळीकडे सुधारता येतो आणि फोटोकडे पुन्हा जावे लागत नाही.

अर्थ कसा चुकतो याचे उदाहरण याच तक्त्यात आहे. लाल कार्ड म्हणजे दूषित पाणी नव्हे. लाल कार्ड सांगते की पाणी दूषित होण्याची जोखीम तीव्र आहे. कट्टा फुटला आहे, गळती आहे, शुद्धीकरणात खंड पडतो. पाणी प्रत्यक्षात दूषित आहे की नाही हे प्रयोगशाळेतली नमुना तपासणी सांगते आणि तिची नोंद वेगळी असते. लाल दिसला म्हणून ‘दूषित’ लिहिणारा माणूस अर्थ वाचवत नाही, नवा अर्थ घुसडतो. म्हणून स्थितीच्या रकान्यात आपल्या मनचा शब्द चालत नाही. तक्त्याच्या रंगसूचीत किंवा त्या पद्धतीच्या नियमांत जो शब्द आहे तोच तिथे हवा : तीव्र जोखीम, मध्यम जोखीम, सौम्य जोखीम.

हवामान खात्याच्या जिल्हावार इशाऱ्याचा तक्ता दर पावसाळ्यात फोनवर फिरतो, त्याचेही असेच होते. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. लोक नारंगी पाहून पावसाचे मिलिमीटर लिहितात. तो रंग आधी सज्जतेचा आहे. पावसाची वर्गवारी चौकोनातल्या मजकुरात वेगळी दिलेली असते आणि तीही वेगळ्याच रकान्यात उतरवायला हवी.

रंगीत चौकोनांपेक्षा आमचा जास्त वेळ खाल्ला तो पांढऱ्यांनी. पहिल्या मोजणीत ९ लाल, ३१ पिवळे, ४४ हिरवे, ६ पांढरे आणि २ चकाकीत बुडालेले असे ९२ चौकोन भरले. सहा पांढरे चौकोन संगणकावरच्या तक्त्यात सरळ रिकामे सोडलेले होते. रिकामी जागा पाहून वाचणारा काय समजेल? पाहणी झाली नाही असे, किंवा दोष आढळला नाही असे, किंवा टंकायचे राहिले असे. तालुक्यात विचारल्यावर सहांचे तीन वेगळे अर्थ निघाले. दोन चौकोन विभाजनानंतर नव्याने झालेल्या ग्रामपंचायतीचे होते. पहिल्या दोन पाहण्यांच्या वेळी ती अस्तित्वातच नव्हती, म्हणून तिथे ‘लागू नाही’. तीन ठिकाणी पाहणी खरोखरच झाली नव्हती. सहावा चौकोन खिडकीच्या बाजूचा होता आणि त्यावर दुपारचे ऊन येत असे. चौकोनाच्या कडेवर चिकटपट्टी होती. ती उचलल्यावर खाली पिवळा पट्टा तसाच्या तसा सापडला. चौकोन मुळात पिवळा होता, उन्हाने पांढरा केला होता. मध्यम जोखमीचे एक गाव केवळ खिडकीमुळे कोऱ्या गावांत जाऊन बसले होते.

लालावरचे हिरवे ठिपके ही दुसरी अडचण. असे ठिपके तीन चौकोनांत होते आणि रंगसूचीत त्यांचा उल्लेख नव्हता. आरोग्य सेवकांकडे विचारणा केल्यावर समजले की लाल कार्ड मिळाल्यावर गावाने दुरुस्ती केली, ती पाहून आल्यावर त्यांनी आठवणीसाठी ठिपका दिला. संगणकावर काम करणाऱ्या एकाचे म्हणणे पडले की आता गाव सुधारले आहे, तर हिरवेच लिहू. आम्ही त्याला साफ नकार दिला. गाव ७ ची एप्रिल २०२३ च्या पाहणीत स्थिती तीव्र जोखमीची होती, ती तशीच राहायला हवी. दुरुस्ती नंतर झाली, तिची जागा शेऱ्यात. ही काटेकोरपणाची हौस नव्हे. चंदेरी कार्ड सलग पाच वर्षांच्या हिरव्यावर ठरते. एक लाल चौकोन कौतुकाने हिरवा केला तर त्या गावाची मोजणी खोटी होते, आणि शेजारच्या ज्या गावाने खरोखरच पाच वर्षे विहीर राखली त्याच्यावर अन्याय होतो.

चकाकीत बुडालेल्या दोन चौकोनांपुढे आम्ही ‘अस्पष्ट’ असे लिहिले. हा शब्द लिहायला लोक कचरतात. आपले काम अपुरे दिसेल असे वाटून शेजारच्या चौकोनांवरून अंदाज बांधतात. आधी हिरवा, नंतर हिरवा, मग मधलाही हिरवाच असणार, असा तो अंदाज. पण पाहणी दर सहा महिन्यांनी नव्याने करायची ती मधल्या चौकोनात वेगळे काही निघू शकते म्हणूनच. आमच्या दोनांपैकी एक चौकोन असाच दोन हिरव्यांमध्ये सापडला होता. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवलेले मूळ कार्ड पाहिले तर ते लाल निघाले. अंदाजाने लिहिले असते तर ते गाव यादीतून निसटले असते, आणि कोणाला त्याचा पत्ताही लागला नसता.

इतके झाल्यावर मोजणी पुन्हा केली. ही मोजणी आता सूत्रानेच होते, कारण चौकोनांत शब्द आहेत :

```
=COUNTIF(D2:D93,"तीव्र जोखीम")
```

उत्तर १० आले. बाकी मध्यम ३२, सौम्य ४४, लागू नाही २, पाहणी झाली नाही ३, अस्पष्ट १. बेरीज ९२. चूक पकडायची साधी खूण हीच आहे : गावांची संख्या गुणिले पाहण्यांची संख्या, आणि सगळ्या स्थितींची बेरीज, हे दोन आकडे जुळले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर एखादा चौकोन सुटला आहे किंवा एखाद्या ठिकाणी ‘तीव्र जोखिम’ असे ऱ्हस्व वेलांटीने टंकले गेले आहे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि ती ओळ कोणत्याच मोजणीत येत नाही. म्हणून स्थितीचा शब्द दर वेळी हाताने न टंकता ठरावीक यादीतून निवडावा. बेरीज जुळूनही रंगच चुकीचा वाचला असेल, तर तो मात्र बेरजेत दिसणार नाही. त्यासाठी दुसऱ्या माणसाने फोटो पाहत ओळीमागून ओळ वाचून घ्यावी. ९२ ओळींना अर्धा तास पुरतो.

रंग टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. स्थिती शब्दात आल्यावर त्या शब्दावरून एक्सेलकडून रंग आपोआप भरून घेता येतो. रंग शब्दाच्या मागून आला म्हणजे झाले. रंग चुकला, उडाला, झेरॉक्समध्ये करडा झाला, तरी शब्द जागेवर असतो.

फोटो काढणाऱ्यासाठी दोन गोष्टी. तक्त्याखालची रंगसूची चौकटीत यायलाच हवी. आमच्या फोटोत ती अर्धी कापली गेली होती आणि करड्या स्केचपेनचे चौकोन असते तर ते चंदेरी की रद्द, असा प्रश्न पडला असता. या तालुक्यात चंदेरी कोणी नव्हते म्हणून निभावले. फ्लॅश बंद ठेवून दिवसा, खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा, एक कोरा पांढरा कागद तक्त्याशेजारी धरावा म्हणजे पांढरे कशाला म्हणायचे ते फोटोतच कळते, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

खरी विनंती मात्र तक्ता रंगवणाऱ्यांकडे आहे. रंग भरण्याआधी चौकोनात बॉलपेनने एक अक्षर लिहा. आम्ही प्रथम ला, पि, हि अशी अक्षरे सुचवली होती. दूरच्या फोटोत पि आणि हि एकसारखेच दिसतात, दोघांनाही तीच वेलांटी, म्हणून ती सोडली. ती, म आणि सौ ही अक्षरे धूसर फोटोतही वेगळी राहतात. जिथे पाहणी झाली नाही तिथे ‘नाही’, जिथे लागू नाही तिथे आडवी रेघ. कोरा चौकोन एकही नको. २३ चौकोनांना पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही, आणि बॉलपेनची शाई स्केचपेनइतक्या लवकर उडत नाही.

उरलेला तो एक अस्पष्ट चौकोन एप्रिल २०२३ चा आहे. ग्रामपंचायतीत गेलो तेव्हा भिंतीवर ऑक्टोबर २०२४ चे कार्ड होते, हिरवे. आधीची कार्डे कार्यालय नव्या इमारतीत हलवताना गेली. तेव्हाचे सदस्य म्हणतात पिवळे होते, जलसुरक्षक म्हणतात लाल होते, कारण त्या उन्हाळ्यात टाकीजवळची वाहिनी फुटलेली त्यांना आठवते. आम्ही दोघांचेही म्हणणे शेऱ्यात लिहिले आहे. स्थितीच्या रकान्यात अजून ‘अस्पष्ट’ असेच आहे.